टाच निसटते तेव्हा : गादी मागे लावावी की जिभेखाली?

चालताना बुटातून टाच वर उचलली जाते, पाऊल टेकताच ती पुन्हा आत बसते आणि प्रत्येक पावलागणिक बूट मागून किंचित वाजतो. तरुण माणूस याकडे दुर्लक्ष करून चालत राहतो. वयस्कर माणसाचे पाऊल मात्र नकळत त्याची भरपाई करू लागते. बूट निसटू नये म्हणून बोटे आखडली जातात, पाऊल पुरेसे उचलले जात नाही, ते जमिनीवरून घासत पुढे जाते आणि टाकलेले अंतर आखूड होते. जिना उतरताना टाच बुटातून सुटली, तर तोल सावरायला जो क्षण हवा असतो तोच हातातून जातो. शिवाय सतत घासून टाचेला फोड येतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते, त्यांना तो फोड दुखत नाही आणि म्हणून वेळेवर कळतही नाही.

अशा वेळी घरातील मंडळी बाजारातून हील ग्रिप आणतात. मागून चिकट असलेली, फोमची किंवा जेलची ही छोटी गादी बुटाच्या आत, टाचेच्या मागच्या भिंतीला लावायची असते. निसटते ती टाच, म्हणून गादीही टाचेलाच लावावी, हा विचार स्वाभाविक आहे. काही बुटांत त्याने कामही होते. परंतु अनेक बुटांत त्रास जिथे दिसतो तिथे त्याचे कारण नसते. टाच सुटते, कारण संपूर्ण पाऊलच पुढे सरकलेले असते. अशा बुटाला मागे गादी लावली, तर एक त्रास थोडा झाकला जातो आणि दुसरा सुरू होतो. म्हणून गादी विकत घेण्यापूर्वी ढिलाई नेमकी कुठे आहे, हे शोधावे. त्यासाठी घरातील दहा मिनिटे आणि एक मोजपट्टी पुरते.

बुटात पाऊल कशाने धरले जाते?

नाडीच्या बुटात पाऊल बोटांनी अडवले जात नाही. बोटांच्या पुढे तर मोकळी जागाच असावी लागते. पावलाला पुढे जाण्यापासून रोखते ती पावलाच्या वरच्या उंचवट्यावर बसणारी नाडी आणि तिच्याखालची बुटाची जीभ. घोट्याच्या पुढून बोटांकडे उतरत जाणारा हा उंचवटा जिभेखाली पाचरीसारखा घट्ट बसला, की टाच आपोआप मागच्या भिंतीला टेकून राहते. तिथे जागा सैल असेल, तर प्रत्येक पावलाला पाऊल पुढे घसरते, मागे पोकळी तयार होते आणि टाच उचलताना बूट मागे राहतो.

वाढत्या वयात ही ढिलाई का येते, हेही समजून घ्यावे. काहींची पावले कृश होतात आणि वरचा उंचवटा कमी भरतो. काहींच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले असते. पुढचा भाग रुंद हवा म्हणून ते मोठा बूट घेतात आणि मग त्याची मागची बाजू त्यांच्या अरुंद टाचेला सैल पडते. पाय सुजतात म्हणून एक नंबर मोठा बूट घेणारेही पुष्कळ असतात. परंतु सुजेने पावलाचा घेर वाढतो, लांबी नव्हे. त्यामुळे लांब बूट हा सुजेवरचा उपाय होत नाही. त्याने फक्त बोटांपुढे रिकामी जागा वाढते.

तीन तपासण्या

पहिली तपासणी लांबीची, कारण लांबी चुकली असेल तर पुढचे काहीच करण्याची गरज नाही. बुटातील सुटा तळ, ज्याला इनसोल म्हणतात, तो बाहेर काढून जमिनीवर ठेवावा. नेहमीचे मोजे घालून त्यावर उभे राहावे आणि टाच त्याच्या मागच्या कडेशी नीट जुळवावी. आधाराला भिंत किंवा जवळचे माणूस असावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण १ ते १.५ सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडी कमी जागा उरली, तर लांबी ठीक. २ सेंटिमीटरहून अधिक उरली, तर बूट लांब आहे. इनसोल निघत नसेल, तर कागदावर पावलाची लांबी मोजावी आणि पुठ्ठ्याची पट्टी बुटात सरकवून आतील लांबीशी ताडून पाहावी. दोन्ही पावले मोजावीत. एक पाऊल दुसऱ्याहून थोडे लहान असणे अगदी नेहमीचे आहे.

दुसरी तपासणी नाडीच्या छिद्रांची. बूट घालून नाडी नेहमीसारखी आवळावी आणि छिद्रांच्या दोन ओळींमध्ये किती अंतर उरते ते पाहावे. सुमारे बोटभर अंतर उरावे. दोन्ही ओळी एकमेकींना टेकल्या असतील, तर नाडी याहून आवळता येणारच नाही, मग ती कितीही ओढली तरी. बूट पावलाच्या उंचवट्याला मोठा आहे, याची ही स्पष्ट खूण होय.

तिसरी तपासणी टाचेची. खुर्चीवर बसून नाडी सोडावी, पाऊल बुटात घालावे, बोटे वर करून टाच जमिनीवर दोनदा हलकेच आपटावी. टाच मागच्या भिंतीला भिडली की त्याच स्थितीत नाडी बांधावी. उभे राहताच टाचेच्या दोन्ही बाजूंना पोकळी दिसत असेल आणि भिंत टाचेला धरत नसेल, तर बुटाची टाचेकडची बाजूच रुंद आहे. उभे राहिल्यावर सर्व ठीक, पण वीस-पंचवीस पावले चालून थांबल्यावर टाचेमागे बोट सहज जाऊ लागले, तर पाऊल पुढे सरकत आहे.

येथे काळजी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या पायात बूट घालताना आपण समोर बसतो, बूट आपल्याकडे ओढतो आणि पाऊल पुढे असतानाच नाडी किंवा पट्टा आवळतो. मग चांगला बूटही निसटतो. टाच मागे टेकवूनच नाडी बांधण्याची ही पद्धत आठवडाभर पाळून पाहावी. काही घरांत गादी आणण्याची वेळच येत नाही.

टाच किती हलणे चालते, असाही प्रश्न येतो. बूट नवा आणि तळ कडक असेल, तर टाच थोडी उचलली जाणारच. तळ चवड्याखाली वाकू लागला की ती हालचाल कमी होते. मोज्यावर बुटाच्या कडेलगत कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि दुसऱ्या कोणी चालताना मागून पाहावे. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतची हालचाल चिंतेची नाही. त्याहून अधिक असेल, किंवा बूट मागून खाली लोंबताना दिसत असेल, तर उपाय हवा.

एकाच गृहस्थांचे दोन जोड

माझ्याकडे चालण्याच्या तक्रारीसाठी आलेल्या शहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्यांच्या सूनबाई दोन पिशव्या घेऊन आल्या होत्या. एका पिशवीत सकाळच्या फेरीचे नाडीचे काळे बूट होते. दुसऱ्या पिशवीत परदेशातील मुलाने पाठवलेले, नाडी नसलेले, सरकवून घालायचे तपकिरी बूट होते. दोन्ही बुटांची टाच निसटत होती आणि दोन्हींत सूनबाईंनी हील ग्रिप लावल्या होत्या.

“ग्रिप लावल्यावर आठ दिवस बाबा खूश होते,” त्या म्हणाल्या, “पण आता डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, आणि काळा बूट तर पुन्हा निसटतोच आहे.”

काळ्या बुटापासून सुरुवात केली. ग्रिप काढून इनसोलवर उभे केले, तेव्हा डाव्या अंगठ्यापुढे १२ मिलिमीटर जागा होती. लांबी बरोबर होती. नाडी आवळल्यावर छिद्रांच्या दोन्ही ओळी टेकत होत्या. टाच मागे टेकवून उभे केल्यावर मागची भिंत टाचेला व्यवस्थित धरत होती. पंचवीस पावले चालवून पाहिले, तर टाचेमागे ८ मिलिमीटर पोकळी झाली होती. म्हणजे टाचेकडचा भाग बरोबर, लांबी बरोबर, परंतु वयोमानाने कृश झालेल्या पावलाच्या वर जागा मोठी. पाऊल पुढे सरकत होते.

नखाचे कारणही येथेच उलगडले. ४ मिलिमीटर जाडीच्या ग्रिपने मागच्या पोकळीचा अर्धा भाग भरला होता, म्हणून टाच काही दिवस बरी वाटली. मात्र पाऊल पुढे घसरणे त्याने थांबले नव्हते. उलट गादीमुळे पावलाला पूर्ण मागे येताच येत नव्हते. पुढे सरकलेल्या स्थितीत अंगठ्यापुढे केवळ ४ मिलिमीटर जागा उरत होती. भार पडताच पाऊल किंचित लांबते आणि त्यांच्या घरासमोरचा रस्ता उताराचा होता. अंगठा रोज बुटाच्या टोकावर आदळत होता आणि नखाखाली रक्त साकळले होते. पुढे फोमची गादी दबून पातळ झाली आणि टाचही पुन्हा निसटू लागली.

या बुटाला हवी होती ती जिभेखालची गादी, म्हणजे टंग पॅड. दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा, ज्याला दुकानात फेल्ट म्हणतात, किंवा फोमचा हा लहान लांबट तुकडा असतो. तो जिभेच्या आतल्या बाजूला, पावलाच्या उंचवट्यावर येईल असा लावतात. त्याने वरची रिकामी जागा भरते आणि पाऊल खाली व मागे ढकलले जाते. टाच आपल्या जागी राहते आणि बोटांपुढची जागाही मोकळी राहते. हील ग्रिप आणि टंग पॅड यांतील महत्त्वाचा फरक हाच आहे : मागची गादी पावलाला पुढे सारते, वरची गादी मागे.

प्रथम ३ मिलिमीटरचा तुकडा कागदी चिकटपट्टीने तात्पुरता लावला. पोकळी कमी झाली, पण गेली नाही. ५ मिलिमीटरचा लावल्यावर छिद्रांच्या ओळींमध्ये सुमारे १ सेंटिमीटर अंतर उघडले आणि पंचवीस पावलांनंतरही टाचेमागे बोट शिरेना. उजव्या बुटात ३ मिलिमीटरचाच तुकडा पुरला, कारण उजवे पाऊल थोडे भरलेले होते. दोन्ही बुटांत सारखीच गादी असली पाहिजे, असा नियम नाही. जिभेखालच्या गादीने पावलाची उंची बदलत नाही. टाचेच्या खाली घालायची जाड गादी मात्र एकाच पायात घालू नये, कारण तिने एक पाय उंच होतो. निसटणाऱ्या टाचेला तशी गादी तसाही उपाय नव्हे. ती टाचेला वर उचलते, मागच्या भिंतीत टाच कमी खोल बसते आणि निसटणे वाढते.

तपकिरी बुटांचा निकाल लवकर लागला. बोटांपुढे २४ मिलिमीटर जागा होती. सूज येते म्हणून मुलाने मुद्दाम मोठे माप निवडले होते. आपल्याकडे प्रचलित असलेल्या ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक सुमारे ८.५ मिलिमीटर असतो. म्हणजे हा बूट एका नंबराहून अधिक लांब होता. ४ मिलिमीटरची ग्रिप जेमतेम अर्ध्या नंबराची भरपाई करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बूट वाकत होता तो चवड्याच्या पुढे. माणूस टाच उचलतो तेव्हा पाऊल चवड्याशी वाकते आणि बुटानेही नेमके तिथेच वाकायला हवे. दोन्ही वेगवेगळ्या जागी वाकत असतील, तर टाचेवर प्रत्येक पावलाला ओढ बसते, आणि कोणतीही गादी बुटाची वाकण्याची जागा बदलू शकत नाही. या बुटाला नाडी नव्हती आणि जीभही नव्हती. शिवाय घाईत मागची भिंत दाबून चपलेसारखा घातल्यामुळे ती भिंत मऊ पडली होती.

“मुलानं इतक्या हौसेनं पाठवलेत,” ते गृहस्थ म्हणाले. “नुसते बसून घातले तर?”

बसून कोणी बूट घालत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. पाहुणे आले की उठणे होते, दारापर्यंत जाणे होते. ते बूट बाजूला ठेवायचे ठरले. मुलाला दोन्ही पावलांची सेंटिमीटरमधील लांबी आणि चवड्याचा घेर लिहून पाठवला. नवा जोड नाडीचा किंवा पट्ट्याचा असावा, एवढेच त्याला कळवले.

गादी कशी लावावी

टंग पॅड लावताना नाडी पूर्ण सैल करून जीभ बाहेर ओढावी. आतला भाग किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा. गादी मधोमध, नाडीच्या छिद्रांच्या मागे येईल अशी ठेवावी. वरची कड जिभेच्या कडेपासून सुमारे १ सेंटिमीटर खाली असावी, नाहीतर घोट्याच्या पुढे ती टोचते. खालची कड बोटांपाशी बूट वाकतो तिथपर्यंत जाऊ देऊ नये. मोठी असेल तर कात्रीने कापावी आणि नमद्याच्या कडा तिरक्या छाटाव्यात, म्हणजे पावलावर पायरी जाणवत नाही. आधी कागदी चिकटपट्टीने लावून घरात चालून पाहावे, मगच मागचा कागद काढून चिकटवावी. सुरुवात नेहमी पातळ गादीने करावी.

तिसऱ्या तपासणीत बुटाची टाचेकडची बाजूच रुंद ठरली, लांबी योग्य असली आणि बोटांपुढे पुरेशी जागा असली, तर हील ग्रिप हाच योग्य उपाय. बूट आतून पुसून वाळवावा, ग्रिपचा मध्य मागच्या शिवणीशी जुळवावा आणि तिची वरची कड बुटाच्या कडेच्या २-३ मिलिमीटर खाली ठेवावी. वर आलेली कड टाचेच्या मागच्या जाड शिरेला घासते. मिनिटभर अंगठ्याने दाबून धरावी आणि रात्रभर बूट तसाच ठेवावा. लगेच घातला तर गादी गुंडाळून खाली सरकते आणि ती गोळी झालेली गादी मूळ त्रासापेक्षा वाईट. लवदार किंवा विरलेल्या कापडी अस्तरावर या गाद्या नीट चिकटत नाहीत. तिथे बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून आत पातळ चामडे शिवून घेणे अधिक टिकाऊ.

कोणतीही गादी लावल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास, घरातच, कोणी जवळ असताना चालावे. बूट काढल्यावर पाऊल वरून, मागून आणि बोटांच्या टोकांशी पाहावे. अर्ध्या तासानेही न जाणारा लाल डाग, पावलाच्या वर मुंग्या किंवा बधिरता, नाडीचा खोल वळ, यांपैकी काही दिसले तर गादी जाड आहे किंवा चुकीच्या जागी आहे. ती काढावी. ‘सवय होईल’ असे म्हणून पुढे रेटू नये.

सुजेचे पाऊल आणि न जाणवणारे पाऊल

ज्यांची टाच सकाळी निसटते आणि संध्याकाळी नाही, त्यांच्या बुटात दोष नसतो. दिवसभरात पाऊल भरत जाते. सकाळी बरोबर वाटणारी चिकटवलेली गादी संध्याकाळी पावलाला आवळू लागते. अशांना कायमची गादी लावू नये. नाडी किंवा रुंद चिकटपट्ट्याचा बूट घ्यावा आणि दुपारी एकदा पट्टा सैल करावा. खरेदी दुपारनंतर करावी आणि बूट बंद करण्याची सोय दोन्हीकडे पुरेशी हवी : सकाळी आवळायला, संध्याकाळी सोडायला. सूज नव्याने आली असेल, एकाच पायावर असेल किंवा दुखत असेल, तर बुटाचा विचार नंतर, आधी डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या किंवा रक्तपुरवठा अपुरा असलेल्या पावलांबाबत घरगुती गाद्यांचे प्रयोग करूच नयेत. वर सांगितलेल्या सर्व तपासण्यांचा शेवट ‘टोचते का, आवळते का’ या प्रश्नावर होतो, आणि हे पाऊल त्याचे उत्तर देऊ शकत नाही. अशांचा बूट निसटत असेल, तर तो बाजूला ठेवून डॉक्टरांच्या किंवा पावलांच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने योग्य मापाचा बूट घ्यावा. तोपर्यंत रोज रात्री टाच आणि बोटे डोळ्यांनी पाहावीत. वाकणे जमत नसेल तर घरातील दुसऱ्या कोणी पाहावीत.

बुटाचा नाद केव्हा सोडावा

चांगला दिसणारा, महाग किंवा कोणी प्रेमाने दिलेला बूट टाकणे जड जाते, म्हणून निर्णय मनावर न सोडता बुटाकडे पाहून घ्यावा. बोटांपुढे २ सेंटिमीटरहून अधिक जागा असेल किंवा बूट चवड्याच्या पुढे वाकत असेल, तर तो लांब आहे. त्यावर पैसे खर्च करू नयेत. टाचेची मागची भिंत अंगठ्याने दाबून पाहावी. ती सहज आत दबत असेल, तर तिच्यावर चिकटवलेली गादीही टाचेला धरू शकणार नाही. मागे दाबून चपलेसारखे वापरलेले बूट बहुधा याच कारणाने निकामी झालेले असतात. तळ टाचेकडे एका बाजूने झिजून तिरका झाला असेल, तर टाच त्या बाजूला कलते आणि घासत राहते. असा तळ कारागिराकडून बदलून घेता येतो, पण मागची भिंतही मऊ असेल तर तो खर्च व्यर्थ आहे.

राहिलेली खूण गाद्यांच्या संख्येची. योग्य तपासणीनंतर, योग्य जागी लावलेल्या एका गादीने टाच थांबली पाहिजे. एक गादी मागे, एक वर, शिवाय जाड मोजे आणि तरीही टाच उचलली जात असेल, तर आपण बूट दुरुस्त करत नसून त्याच्या पोकळीत भर घालत आहोत. गादी लावल्यावर तीन दिवस घरात वापरून पाहावे. चौथ्या दिवशीही बोटे आखडलेली दिसली, पाऊल घासत जात असेल किंवा माणूस जिन्यावर कठडा अधिक घट्ट धरत असेल, तर तो बूट घराबाहेर घालू नये.

टाकायचा ठरलेला बूट दारापाशी ठेवू नये. घाईच्या वेळी पाय सवयीने त्याच बुटात शिरतो. ज्याच्या पावलाला तो बरोबर बसतो अशा कोणाला द्यावा. मागची भिंत मोडलेली असेल तर कोणालाही देऊ नये.